टायटॅनिकचे 177 रिकामे रकाने

दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि मी कॉलेज सोडलं. आज डेटा ॲनालिस्ट म्हणून काम करते आहे. मधल्या काळाबद्दल बोलताना घसा अजूनही थोडा दाटतो, पण तुमच्यातले बरेच जण आत्ता नेमके तिथेच उभे असणार, म्हणून लिहिते.

सोडल्यानंतरच्या आठ महिन्यांत मी अकरा सर्टिफिकेटं मिळवली. एसक्यूएल, पायथन, एक्सेल, डॅशबोर्ड, सगळ्यांची. गिटहबवर चार प्रोजेक्ट टाकले. पहिल्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी सर्टिफिकेटांकडे पाहिलंही नाही. त्यांनी गिटहब उघडलं आणि माझ्या टायटॅनिकच्या प्रोजेक्टवर थांबल्या. शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण ही कॅगलवरची फाईल वापरतो. तिच्यात 891 प्रवासी आहेत आणि त्यातल्या 177 जणांच्या वयाचा रकाना रिकामा आहे.

"या 177 जणांचं काय केलंत?"

"सरासरी वय भरलं." ते साधारण 29.7 येतं, तेही मी सांगितलं.

"नावांचा रकाना वाचला होतात? काही नावांपुढे Master लिहिलंय. त्या काळी लहान मुलग्यांसाठी तसं लिहीत. वय रिकामं असलेल्यांतही असे काही आहेत. त्या मुलांना तुम्ही तिशीचं केलंत. का?"

मला उत्तर देता आलं नाही. व्हिडिओत तसं केलं होतं म्हणून मीही केलं होतं. नावांचा रकाना तर मी दुसऱ्याच ओळीत उडवून टाकला होता, कारण व्हिडिओतही तो उडवला होता. मुलाखत दहा मिनिटांत संपली.

हाच तो सापळा, आणि तो नीट समजून घ्या, कारण आत असताना तो सापळा वाटतच नाही. तुम्ही रोज सहा तास बसता, कोड स्वतःच्या हाताने टाइप करता, तो चालतो, आलेख उमटतो. कष्ट खरे असतात, म्हणून कामही आपलंच वाटतं. पण त्या कामातला प्रत्येक निर्णय दुसऱ्याने आधीच घेतलेला असतो: कोणता रकाना ठेवायचा, कोणता टाकायचा, रिकाम्या जागी काय भरायचं. कंपनी पगार देते तो या निर्णयांसाठी. पदवी असलेल्याचा प्रोजेक्ट उसना निघाला तरी त्याच्याकडे पदवी उरते. आपल्याकडे काहीच उरत नाही. कडू आहे, पण तसंच आहे.

आपल्या प्रोजेक्टची परीक्षा घरीच घ्या. कोड बंद करा आणि घेतलेले पाच निर्णय कागदावर लिहा. प्रत्येकापुढे, दुसरं काय करता आलं असतं आणि ते का केलं नाही, हे लिहा. दोनच्या पुढे पेन अडलं तर तो प्रोजेक्ट सरावाचा आहे. सराव वाईट नाही, फक्त तो पुरावा म्हणून पुढे करू नका.

मला सावरलं एका वाचनालयाच्या नोंदवहीने. तिथल्या ताईंची अडचण अशी होती की मागणी असलेली पुस्तकं वाचकांकडेच अडकून राहतात, आणि कोणती पुस्तकं किती दिवस बाहेर असतात ते त्यांना हवं होतं. दिल्याची तारीख आणि परतीची तारीख अशा साधारण 1,400 नोंदी मी टाइप केल्या. वजाबाकी केली तर काही पुस्तकं नेण्याआधीच परत आलेली दिसली! एका पुस्तकाचे दिवस आले उणे 50.

त्या नोंदीत 05/03 ला दिलेलं पुस्तक 14/03 ला परत आलं होतं. पॅन्डाज नुसती तारीख दिली की आधी महिना समजतं, म्हणून 05/03 म्हणजे 3 मे झालं. 14 वा महिना नसतो, म्हणून माझ्याकडच्या जुन्या आवृत्तीने 14/03 मात्र काही न बोलता 14 मार्च असंच वाचलं. उणे आलेल्या नोंदी निदान डोळ्यांत खुपतात. खरा धोका दोन्ही तारखा बारापर्यंतच्या असतात तिथे आहे, कारण दोन्ही उलटतात आणि येणारा आकडा चुकीचा असूनही शक्य वाटतो. 2.0 आवृत्तीपासून पॅन्डाज पहिल्या तारखेवरून एकच साचा ठरवतं आणि त्यात न बसणारी तारीख आली की एरर देतं. तेव्हा errors="coerce" लिहून ती एरर गप्प करू नका. तसं केलं तर न बसणाऱ्या तारखा रिकाम्या होतात आणि उलटलेल्या तशाच राहतात. साचा आपणच सांगायचा:

```python
df["dilele"] = pd.to_datetime(df["dilele"], format="%d/%m/%Y")
df["parat"] = pd.to_datetime(df["parat"], format="%d/%m/%Y")
df["divas"] = (df["parat"] - df["dilele"]).dt.days
```

उणे 50 चे 9 झाले. मग परत न आलेल्या पुस्तकांचा प्रश्न आला. ती वगळली तर सर्वांत जास्त अडकलेली पुस्तकंच हिशेबातून निघून जातात, म्हणून त्यांची यादी वेगळी काढली. दोन-चार पुस्तकं वर्षभर बाहेर होती आणि त्यांनी सरासरी ओढून वर नेली होती, म्हणून मध्यक घेतला. हे सगळं रीडमीमध्ये चुकीसकट लिहिलं. पुढच्या मुलाखतीत पाऊण तास फक्त त्या उणे 50 वर बोलणं झालं, आणि बोलत मी होते.

एक काळजी मात्र घ्या. अशा वहीत वाचकांची नावं असतात. ती गिटमध्ये पहिल्या कमिटच्या आधीच काढा. नंतर फाईल पुसली तरी जुन्या कमिटमध्ये नावं तशीच राहतात आणि कुणालाही वाचता येतात.

सर्टिफिकेटांबद्दल माझं मत कठोर आहे. व्हिडिओ संपला म्हणून मिळालेला कागद हजेरीचा असतो. देखरेखीखाली, ओळखपत्र दाखवून परीक्षा द्यावी लागते आणि पडताळणीची लिंक मिळते, असं एखादं पुरे. नेटवर्किंगवाल्यांना सीसीएनए उपयोगी पडतं, क्लाउडवाल्यांना एडब्ल्यूएसच्या परीक्षा. दोन्हींची मुदत 3 वर्षांची असते, म्हणून नोकरी शोधायला निघण्याच्या थोडं आधी द्या, दोन वर्षं आधी नको. आणि महिनाभरात नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या मेंटॉरपासून लांब राहा. मला उपयोगी पडलेल्या माणसाने कधी सल्ला दिला नाही. तो माझी क्वेरी वाचायचा आणि विचारायचा, "जॉइननंतर ओळी वाढल्या का, मोजल्यास?" असा एक माणूस मिळाला तरी पुष्कळ.

बायोडेटात शिक्षण लपवू नका. "दोन वर्षं पूर्ण, अभ्यासक्रम अपूर्ण" अशी सरळ ओळ लिहा. पदवी आहे असं भासवलंत तर ऑफर हातात आल्यानंतरच्या पडताळणीत सापडता, आणि मग काम कितीही चांगलं असलं तरी कुणी ऐकत नाही. काही दारं बंदच राहतात: पदवीची अट असलेल्या सरकारी जागा, परदेशातले काही कामाचे व्हिसा, आणि पदवीचा रकाना रिकामा दिसला की अर्ज गाळणारे फॉर्म. तुम्हाला जायचं आहे ते दार त्यातलं असेल तर कॉलेज सोडू नका, मी हात जोडून सांगते.

अजून सोडलं नसेल तर आधी कार्यालयात जाऊन नाव न काढता वर्षभर खंड घेता येतो का ते विचारा. झालेल्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि क्रेडिटची नोंद ताब्यात घ्या. मी नुसतं जाणं बंद केलं होतं. तीन वर्षांनी बाहेरून पदवी पूर्ण करायचं ठरवलं, तेव्हा ते कागद गोळा करण्यात पूर्ण एक सत्र गेलं. आता शेवटचे दोन पेपर राहिले आहेत.