चायनीज रूम: यंत्राला अर्थ कळतो का, हा वाद नव्याने वाचणाऱ्यांसाठी

यंत्राला अर्थ कळू शकतो का, या प्रश्नाकडे नव्याने वळणारे बरेच जण आधी जाणिवेवरची जाडजूड पुस्तकं उघडतात आणि तिथेच अडकतात. त्यापेक्षा जॉन सर्ल या अमेरिकन तत्त्वज्ञाचा १९८० सालचा 'माइंड्स, ब्रेन्स अँड प्रोग्रॅम्स' हा एकच लेख घ्यावा. मूळ लेख आठ पानांचा आहे. तो ज्या नियतकालिकात आला, त्याच्या त्याच अंकात त्यावर पंचवीसहून जास्त अभ्यासकांच्या प्रतिक्रिया आणि सर्लची उत्तरं आहेत. त्या पहिल्या खेपेला वाचू नयेत. आधी आठ पानं दोनदा वाचावीत, मग युक्तिवाद आपल्या शब्दांत कागदावर मांडावा आणि त्यानंतर प्रतिक्रियांकडे वळावं. क्रम उलटा केला तर सर्लचं म्हणणं काय आणि विरोधकांनी त्याच्या तोंडी घातलेलं काय, यातला फरक कळेनासा होतो.

लेख कुणाविरुद्ध लिहिलाय हे आधी लक्षात घ्यायला हवं. येल विद्यापीठात रॉजर शँक आणि त्याचे सहकारी गोष्ट वाचून प्रश्नांची उत्तरं देणारे प्रोग्रॅम लिहीत होते. सर्लने दिलेलं उदाहरण असं: एक माणूस हॉटेलात जाऊन हॅम्बर्गर मागवतो, तो करपून कोळसा झालेला येतो, माणूस चिडून पैसे न देता निघून जातो. त्याने हॅम्बर्गर खाल्ला का? गोष्टीत तसं कुठेच म्हटलेलं नाही, तरी आपण लगेच 'नाही' म्हणतो. हॉटेलात सर्वसाधारणपणे काय घडतं याची माहिती भरलेली असल्यामुळे प्रोग्रॅमही 'नाही' म्हणतो. इथपर्यंत सर्लची तक्रार नाही. 'म्हणजे प्रोग्रॅमला गोष्ट समजली' या पुढच्या दाव्यावर त्याचा आक्षेप आहे. त्या दाव्याला तो 'स्ट्राँग एआय' म्हणतो. मनाच्या अभ्यासाचं साधन म्हणून संगणक वापरणं हे 'वीक एआय', आणि त्याला त्याचा विरोध नाही.

आता 'चायनीज रूम', म्हणजे या दाव्याविरुद्ध सर्लने कल्पनेत रचलेली खोली. आत एक माणूस आहे, त्याला इंग्रजी येतं, चिनी अजिबात येत नाही. त्याच्याकडे चिनी चिन्हांचे गठ्ठे आहेत आणि इंग्रजीत लिहिलेली नियमांची वही आहे. नियम असे: 'या आकाराचं चिन्ह आलं आणि त्यामागे त्या आकाराचं असेल, तर तिसऱ्या गठ्ठ्यातलं अमुक चिन्ह बाहेर दे.' बाहेरचे लोक चिनीत गोष्ट आणि प्रश्न आत सरकवतात, तो नियम पाळून कागद बाहेर देतो. उत्तरं इतकी चोख असतात की आत चिनी माणूस बसलाय असं बाहेरच्यांना वाटतं. आतल्याला मात्र एक अक्षर कळलेलं नसतं.

इथे एक बारीक तपशील बहुतेक जणांच्या नजरेतून निसटतो. त्याच माणसाला इंग्रजी गोष्टी आणि इंग्रजी प्रश्नही दिले जातात, आणि त्यांची उत्तरं तो नेहमीसारखी, समजून देतो. बाहेरून पाहिलं तर दोन्ही भाषांतली उत्तरं सारखीच चांगली. आतून पाहिलं तर एका बाबतीत समज आहे, दुसऱ्यात नाही. सगळा युक्तिवाद या तुलनेवर उभा आहे. ती गाळली की खोली म्हणजे नुसती चमत्कारिक गोष्ट उरते.

आपल्याकडे हे समजावताना अथर्वशीर्षाचं उदाहरण हमखास दिलं जातं: पठण अस्खलित, ऱ्हस्व-दीर्घ अचूक, अर्थ मात्र म्हणणाऱ्या अनेकांना ठाऊक नाही. चिन्हं आणि अर्थ वेगळे असू शकतात हे त्यातून झटकन पटतं, पण उदाहरण तिथेच सोडून द्यावं. पाठांतरात ठरलेलाच मजकूर येतो. खोली मात्र कधी न पाहिलेल्या प्रश्नालाही योग्य उत्तर देते. परीक्षेच्या उत्तरात 'यंत्र म्हणजे पोपटपंची' असं लिहिणारा सर्लचा युक्तिवाद सोपा करत नाही, दुबळा करतो. नुसती पोपटपंची असती तर अर्थ कळत नाही हे सांगायला तत्त्वज्ञ लागला नसता.

कागदावर मांडायचा सांगाडा सर्लने पुढे स्वतःच दिलाय. एक, प्रोग्रॅम निव्वळ आकारावर, म्हणजे वाक्यरचनेच्या पातळीवर चालतात. दोन, मनातल्या विचारांना आशय असतो, ते कशाबद्दल तरी असतात. तीन, नुसत्या वाक्यरचनेतून आशय निर्माण होत नाही. म्हणून प्रोग्रॅम चालवणं हे मन असण्यासाठी पुरेसं नाही. निष्कर्षातला 'पुरेसं' हा शब्द अधोरेखित करावा. 'यंत्र विचार करू शकत नाही' असं सर्ल म्हणतच नाही. मेंदू हेही यंत्रच आहे आणि ते विचार करतं, असं तो स्पष्ट लिहितो. मेंदूत जी कारक शक्ती आहे ती एखाद्या मानवनिर्मित यंत्रात आली तर तेही विचार करेल. त्याचा नकार आहे तो फक्त प्रोग्रॅम चालवल्यामुळे मन निर्माण होतं या म्हणण्याला. पहिल्याच वाक्यात हे चुकलं की पुढचं सगळं उत्तर भलत्याच माणसाशी भांडत राहतं.

सर्वात जास्त वेळ द्यावा तो 'सिस्टिम्स रिप्लाय' या आक्षेपाला. आक्षेप असा: माणसाला चिनी कळत नाही हे मान्य, पण तो एक सुटा भाग आहे. माणूस, वही, गठ्ठे, कागद ही सगळी व्यवस्था मिळून चिनी समजते. मेंदूतल्या कुठल्याच एका पेशीला मराठी येत नाही, तरी आपल्याला येतं. यावर सर्लचं उत्तर: ठीक आहे, त्या माणसाने सगळी वही पाठ केली असं धरा. आता खोली नको, कागद नको, तो मोकळ्या मैदानात उभा राहून मनातल्या मनात नियम चालवतो. व्यवस्थेतलं सगळं त्याच्या आत आहे, आणि तरीही त्याला चिनी कळत नाही.

बरेच विद्यार्थी इथे 'सर्ल जिंकला' असं लिहून थांबतात. इथेच थोडं रेंगाळायला हवं. मैदानातल्या त्या माणसाला इंग्रजीत विचारा, 'तुला चिनी येतं का?' तो म्हणेल, 'नाही.' तोच प्रश्न चिनीत विचारा. नियम चोख असतील तर त्याच्या तोंडून चिनीत उत्तर येईल, 'हो, अर्थातच.' एकाच तोंडातून दोन उलट उत्तरं. सर्ल पहिल्यावर विश्वास ठेवतो. विरोधक विचारतात, का? चिनी समजणारा म्हणून आम्ही या माणसाकडे बोट दाखवलंच नव्हतं. संगणकाशी खेळलेल्यांना हे पटकन कळेल: लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सॉफ्टवेअरने उभारलेल्या आभासी संगणकावर, विंडोज चालू असलं, तर विंडोजचे प्रोग्रॅम आतली व्यवस्था चालवते, बाहेरच्या लिनक्सला ते थेट चालवता येत नाहीत. सगळं लिनक्सच्या 'आत' असूनही ते लिनक्सचं होत नाही. तसंच त्या माणसाच्या डोक्यात दुसरं मन चालू असू शकतं, आणि त्याला त्याचा पत्ताही नसेल.

या प्रत्युत्तराने नेमकं काय साधलं ते मोजून लिहावं. दुसरं मन खरोखर आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. 'माणसाला कळत नाही, म्हणून कुणालाच कळत नाही' ही उडी वैध नाही, एवढंच दिसतं. सर्लकडे अजून एक मुद्दा उरतो, आणि आमच्या मते तोच जास्त भक्कम आहे: आतल्या चिनी व्यवस्थेला एवढंच ठाऊक आहे की या आकारामागे तो आकार येतो. हॅम्बर्गरचं चिन्ह खऱ्या, करपलेल्या हॅम्बर्गरपर्यंत पोहोचायला तिच्याकडे वाटच नाही.

ही वाट करून देण्यासाठी 'रोबो रिप्लाय' येतो: खोलीला कॅमेरा जोडा, हातपाय द्या. सर्ल म्हणतो, कॅमेऱ्यातूनही शेवटी चिन्हंच येणार, आणि आतल्या माणसाला ती कुठून आली हेही कळणार नाही. आकलनशास्त्रज्ञ स्टीव्हन हार्नाडने १९९० मध्ये हीच अडचण शब्दकोशातून दाखवली. चिनी शिकायला तुमच्याकडे फक्त चिनी-चिनी शब्दकोश आहे. एका शब्दासाठी पान उघडलं की समोर दुसरे चिनी शब्द, त्यांच्यासाठी आणखी पानं. काही चिन्हं तरी शब्दांबाहेरच्या कशाला बांधलेली असल्याशिवाय ही फिरफिर संपत नाही. आजच्या भाषा-मॉडेल्सवर लिहायचं असेल तर या मुद्द्याला हात घालावा. त्यांचे नियम कुणी हाताने लिहिलेले नाहीत, प्रचंड मजकुरावरून घडलेले आकडे आहेत. पण त्यामुळे सर्लचं पहिलं विधान बदलत नाही. नुसत्या मजकुरातून जगाशी दुवा जुळतो का, हा प्रश्न मात्र खराच उघडा आहे.

तिसऱ्या विधानावर थेट हल्ला पॉल आणि पॅट्रिशिया चर्चलंड या तत्त्वज्ञ दांपत्याने १९९० मध्ये केला. अंधाऱ्या खोलीत एक जण हातात लोहचुंबक घेऊन तो हलवतो. प्रकाश म्हणजे विद्युत्-चुंबकीय लहरी, असं मॅक्सवेलचा सिद्धांत सांगतो. पण खोली अंधारीच राहते. मग सिद्धांत खोटा ठरला का? नाही. दृश्य प्रकाशाची कंपनसंख्या सेकंदाला चारशे ते साडेसातशे लाख कोटींच्या घरात असते, आणि हात हलतो सेकंदाला चार-पाच वेळा. 'दिसत नाही' यावरून 'नाही' ठरत नाही. तसंच एका माणसाने वही उलटत केलेल्या संथ कामात समज दिसली नाही, यावरून ती अशक्य ठरत नाही. सर्लचं म्हणणं असं की ही तुलनाच फसते, कारण लहरी जगात खरंच काहीतरी घडवतात, तर चिन्हांना चिन्हं म्हणून अशी कोणतीच स्वतःची शक्ती नसते.

शेवटी, सर्रास होणारी गल्लत म्हणजे समज आणि जाणीव एकच धरणं. १९८० च्या लेखाचा भर अर्थावर आहे. दुखतं तेव्हा कसं वाटतं, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्यासाठी वेगळे युक्तिवाद लागतात. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सचा युक्तिवाद घ्या: मेंदूतल्या पेशी एकेक करून, तंतोतंत तेच काम करणाऱ्या चिपने बदलत जा. बोलणं-वागणं तसंच राहील. मग अनुभव हळूहळू फिका होत गेला असं मानलं, तर 'लाल किती गडद दिसतोय' असं शहाणपणाने बोलणारा माणूस स्वतःच्याच अनुभवाबद्दल सतत चुकत असेल. चाल्मर्सला हे असंभाव्य वाटतं, म्हणून रचना तीच राहिली तर अनुभवही राहत असावा असं तो म्हणतो. हा शक्यतेचा तोल आहे, सिद्धता नव्हे.

गल्लत झाली का हे तपासायला एक सोपी युक्ती आहे. आपलं लिखाण घेऊन 'समज' हा शब्द जिथे जिथे असेल तिथे 'वेदना' घालून वाचावं. सगळी वाक्यं तशीच चालली, तर दोन प्रश्न अजून वेगळे झालेले नाहीत. मग खोलीकडे परत जावं आणि प्रत्येक आक्षेपापुढे आकडा लिहावा: हा तीन विधानांपैकी कोणत्या विधानाला धक्का देतो, की फक्त त्यावरून निष्कर्षावर मारलेल्या उडीला? ज्या आक्षेपापुढे आकडा किंवा 'उडी' यांपैकी काहीच लिहिता येत नाही, तो मसुद्यातून काढून टाकावा.