१२ व्होल्ट २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळण्याआधी: मीटर दोन लागतात

बॉबिन, पट्ट्या, तार, कागद, सोल्डर हे सगळं कुणीही आणतं. माझ्याकडेही होतं. नव्हता तो दुसरा मीटर. एकच मीटर आधी इकडे, मग तिकडे लावून रेग्युलेशन, म्हणजे लोड लावल्यावर व्होल्ट किती टक्के पडतात ते, काढलं, आकडा भयंकर आला, आणि धडधाकट ट्रान्सफॉर्मर उकलून त्यात नको असलेले वेढे भरले. म्हणून यादीत पहिली ओळ ही लिहा: एसी व्होल्ट दाखवणारे दोन मीटर, एक प्रायमरीवर आणि एक सेकंडरीवर, दोन्ही एकाच वेळी. शेजाऱ्याकडून मागून आणा, पण आणा.

आता हिशोब. सेकंडरीला १२ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे २४ व्हीए. इथे दोन अँपिअर म्हणजे एसीचे, हे आधीच डोक्यात पक्कं करा. पुढे ब्रिज आणि मोठा कपॅसिटर लावणार असाल तर डीसी बाजूला साधारण सव्वा अँपिअरच धरायचा, कारण कपॅसिटर करंट झटक्याझटक्याने ओढतो आणि तार त्या झटक्यांनी तापते.

कोर किती मोठा? लहान ट्रान्सफॉर्मरला चालणारा ढोबळ नियम असा की व्हीएचं वर्गमूळ काढून त्याला १.१५ ने गुणायचं, उत्तर चौरस सेंटिमीटरमध्ये येतं. २४ चं वर्गमूळ ४.९, म्हणजे सुमारे ५.६ चौरस सेंटिमीटर. एक इंच रुंद मधल्या पायाच्या ई-आय पट्ट्या घेऊन एक इंच जाडीची थप्पी लावली की ६.४५ होतात. पण पट्ट्यांवर इन्सुलेशनचा थर असतो आणि मध्ये हवा राहते, म्हणून खरं लोखंड त्याच्या ९२ टक्के, साधारण ५.९ धरा. पुरतं. या मापाच्या पट्ट्या पाऊण किलोच्या आत लागतात. लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत वजनावर मिळाल्या तर थप्पी दाबून पट्टीने मोजून घ्या, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या चालतील, पण वाकलेल्या आणि गंजलेल्या बाजूला काढा.

वेढ्यांचं सूत्र: एका व्होल्टला लागणारे वेढे म्हणजे १०,००० भागिले (२२२ गुणिले फ्लक्स घनता गुणिले क्षेत्रफळ). २२२ हा ४.४४ आणि ५० हर्ट्झचा गुणाकार. फ्लक्स घनता १.१ टेस्ला घ्या. काही जण तार वाचवायला १.४ वगैरे घेतात. पट्टी कुठल्या प्रतीची आहे हे माहीत नसताना तसं करू नये, कारण मध्यरात्री लाइन २५० च्या वर गेली की असा कोर सॅच्युरेट होऊन घुमायला आणि तापायला लागतो. आपल्या आकड्यांनी ६.९४ येतात, ७ धरा. हा ७ पुढे प्रत्येक ठिकाणी लागणार आहे.

प्रायमरी २३० गुणिले ७, म्हणजे १६१० वेढे. सेकंडरी १२ गुणिले ७ म्हणजे ८४, पण ८४ वर थांबलात तर लोडवर १२ मिळणार नाहीत, कारण दोन्ही तारांच्या रोधात व्होल्ट पडतात. किती पडतात ते आधीच काढता येतं. प्रायमरीचा करंट ०.१२ अँपिअरच्या आसपास, त्याला ३३ गेज. सेकंडरीला २० गेज. प्रायमरीचा एक वेढा सरासरी १३ सेंटिमीटर, म्हणजे २०९ मीटर तार आणि सुमारे ७१ ओहम. सेकंडरीची १५ मीटर तार, ०.३९ ओहम. प्रायमरीचे ७१ ओहम सेकंडरीच्या बाजूने बघताना वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने कमी होतात आणि ०.२४ भरतात. एकूण ०.६३, दोन अँपिअरला सव्वा व्होल्ट. म्हणून सेकंडरी ८४ नाही, ९४. लोड नसताना १३.४ आणि लोडवर १२.१ ते १२.२, असं कागदावर लिहून ठेवा. आणि शेजारी मोठ्या अक्षरात लिहा: प्रायमरीवर २३० असताना. ही शेपटी विसरली की पुढचं सगळं मोजमाप फुकट.

आता खिडकीत मावतंय का ते बघा, तेही तार विकत घ्यायच्या आधी. या पट्टीची खिडकी साडेबारा बाय अडतीस मिलिमीटरची. बॉबिनची भिंत आणि कडा सोडून लांबी ३५ आणि खोली साडेअकरा उरते. ३३ गेज इनॅमलसकट ०.३ मिलिमीटर, हाताने गुंडाळताना एका थरात शंभर-एकशेपाच वेढे बसतात, म्हणजे सोळा थर. मधले पातळ कागद धरून साडेपाच मिलिमीटर. सेकंडरी २० गेजमध्ये एका थरात ३२, तीन थरांत ९४ बसतात, तीन-सव्वातीन मिलिमीटर. मधलं इन्सुलेशन अर्धा मिलिमीटर. बेरीज सव्वानऊ. उरलेले दोन मिलिमीटर चैन म्हणून नाहीत. हाताने गुंडाळलेली कॉइल बाजूंना फुगतेच. १९ गेज घेतली असती तर रोध थोडा कमी झाला असता, पण एका थरात तीसच वेढे बसून चौथा थर लागला असता. मी मागे जे जादा वेढे भरले तेही चौथ्या थरात गेले, आणि पट्ट्या ठोकून आत घालताना तारेचं इनॅमल खरवडलं गेलं.

तार ३३ गेजची दीडशे ग्रॅम आणि २० गेजची सव्वाशे ग्रॅम घ्या. हिशोबाने दोन्ही शंभराच्या आतच लागतात, पण मध्ये सांधा नको. जुन्या मोटरची उकललेली तार प्रायमरीला अजिबात वापरू नका. इनॅमलला एक चीर आणि दोन वेढे एकमेकांना चिकटले की सगळा माल भंगारात.

बॉबिनच्या पोकळीत घट्ट बसेल असा लाकडी ठोकळा घाला, नाहीतर ताणाने बॉबिनच्या भिंती आत दबतात आणि मग पट्ट्या आत जात नाहीत. काउंटर असेल तर उत्तम, नसेल तर दर शंभराला कागदावर रेघ. प्रायमरीत पाच-दहा वेढे इकडेतिकडे झाले तर काही बिघडत नाही, १६१० मध्ये दहा म्हणजे अर्ध्या टक्क्याला थोडं वर. सेकंडरीत मात्र एक वेढा म्हणजे एक सप्तमांश व्होल्ट, तिथे बोलत बोलत मोजू नका. बारीक तारेची सुरुवात आणि शेवट जाड लवचीक वायरला सोल्डर करून स्लीव्हमधून बाहेर काढा. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये लेदरॉइड किंवा मिलिनेक्सचे तीन वेढे, कडेपर्यंत, जरा जास्त रुंद कापून कडांना वर वळवलेले. इथे कंजूसपणा केलात तर कडेने घसरलेला सेकंडरीचा एक वेढा मेन्सला जाऊन भिडेल. यात जीव जातो, म्हणून यावर चर्चा नाही.

ई आणि आय पट्ट्या एकीआड एक उलटसुलट घाला. सांध्यात फट राहिली की लोड नसतानाचा करंट वाढतो.

पहिल्यांदा वीज देताना प्रायमरीच्या सिरीजमध्ये ६० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब, एलईडी नाही. सेकंडरी मोकळी असताना बल्ब विझलेला किंवा अगदी मंद लाल राहिला पाहिजे. लख्ख पेटला तर आत वेढे शॉर्ट आहेत. बल्ब नीट वागला तर तो काढा. काढाच, कारण तो राहिला तर प्रायमरीला पूर्ण व्होल्ट मिळत नाहीत. प्रायमरीवर मीटर लावलेला असेल तर हे लगेच कळतं, नसेल तर कळत नाही. मग खिडकीतल्या उरलेल्या फटीतून साध्या वायरचे दहा वेढे ओवून त्यांचे व्होल्ट बघा. प्रायमरीवर २३० असताना १.४३ च्या जवळ आले तर १६१० ची मोजणी बरोबर. प्रायमरीवर २३० असताना, हे परत सांगतोय.

आता रेग्युलेशन. लोडला गाडीचे १२ व्होल्टचे बल्ब: ब्रेकचा २१ वॉटचा आणि पार्किंगचा ५ वॉटचा समांतर, दोघे मिळून दोन अँपिअरच्या आसपास घेतात. नेमकं किती ते अँपिअर मीटरवर बघा. दोन्ही व्होल्टमीटर वीज देण्याआधी क्लिपने लावून ठेवा, प्रोब हातात धरून मेन्सवर वाकायचं नाही. आधी लोड नसताना, मग लोड लावून, प्रत्येक वेळी दोन्ही मीटर एकत्र वाचा. का, ते आकड्यांत बघा. लोड नसताना सेकंडरीवर १३.७८ आणि लोडवर ११.७० असं आलं तर फरक २.०८, भागिले ११.७०, म्हणजे जवळजवळ अठरा टक्के. घाबरायची पाळी. पण पहिल्या वाचनाला प्रायमरीवर २३६ होते आणि दुसऱ्याला संध्याकाळी २२२. दोन्ही वाचनं २३० वर आणली की १३.४३ आणि १२.१२, रेग्युलेशन पावणेअकरा टक्के, हिशोबाप्रमाणेच. म्हणजे चौदा व्होल्ट लाइनचे पडले होते, आणि मी शिक्षा दिली ट्रान्सफॉर्मरला.

दोन टक्के इकडेतिकडे चालतं. खरंच पंधराच्या वर गेलं तर आधी सोल्डरचे सांधे आणि बल्बच्या वायरी बघा, मग तार चुकीच्या गेजची निघाली का ते, आणि उकलायचा विचार सगळ्यात शेवटी.

दोन तास लोडवर ठेवा. वीज काढून लगेच प्रायमरीचा रोध मोजा: थंड असताना ७१ होता तो ८५ झाला तर तांबं पन्नास अंशांनी तापलंय, ठीक. गरम झाल्यावर लोडचे व्होल्ट पावभर आणखी उतरतात, तेही ठीक. हे सगळं झाल्यावरच व्हार्निश, आधी नाही. कॉइल गरम करून बुडवायची, निथळवायची, वाळवायची. कोरला अर्थ, प्रायमरीला फ्यूज. लेबलवर नुसतं १२ व्होल्ट लिहू नका. २३० ला रिकामा १३.४, दोन अँपिअरला १२.१, असं लिहा.