डेटिंग अ‍ॅपवरचं जुनं प्रोफाइल कायमचं कसं पुसायचं?

फोनमधून अ‍ॅप काढून टाकलं की प्रोफाइलही गेलं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात अ‍ॅप काढल्यानं फक्त फोनमधली जागा मोकळी होते. तुमचं नाव, फोटो, मॅचेस आणि चॅट कंपनीच्या सर्व्हरवर जसेच्या तसे राहतात आणि जुन्या मॅचच्या यादीत तुमचा चेहराही दिसत राहतो. ते सगळं पुसायचं असेल तर त्याच खात्यात शिरून ते बंद करावं लागतं. बहुतेकांची गाडी अडते ती इथेच, कारण खातं कशानं उघडलं होतं हे आठवत नाही.

एक उदाहरण घेऊ. एक मुलगी २०२२ मध्ये नोकरीसाठी लातूरहून पुण्याला आली. हिंजवडीत पीजीमध्ये राहत असताना तिनं टिंडरवर प्रोफाइल उघडलं. वर्षभरानं कंटाळून अ‍ॅप काढून टाकलं, पुढे मोबाइल नंबरही बदलला. आता लग्न ठरतंय आणि जुन्या ओळखीतल्या एकानं सांगितलं, “तुझा फोटो अजून माझ्या मॅचमध्ये दिसतोय.” तिनं लगेच अ‍ॅप पुन्हा घेतलं, नवा नंबर टाकला, ओटीपी दिला. अ‍ॅपनं नाव, जन्मतारीख आणि फोटो मागितले.

इथेच थांबायला हवं. अ‍ॅप नाव आणि जन्मतारीख विचारू लागलं, याचा अर्थ ते नवं खातं उघडतंय. माहिती भरून, आत जाऊन तिनं खातं डिलीट केलं असतं, तर पुसलं गेलं असतं ते दोन मिनिटांपूर्वीचं रिकामं खातं. जुनं तसंच राहिलं असतं, आणि काम झालं असं समजून ती निर्धास्त झाली असती. बरोबर खात्यात शिरल्याची खूण एकच: तुमचे जुने फोटो आणि जुन्या मॅचेस समोर दिसतात.

म्हणून आधी शोध घ्या. जीमेलमध्ये अ‍ॅपचं नाव टाकून शोधा. सुरुवातीचं स्वागताचं किंवा ईमेल पडताळणीचं पत्र कोणत्या पत्त्यावर आलं होतं ते कळेल. फेसबुकच्या सेटिंगमध्ये Apps and Websites हा भाग पाहा, तिथे फेसबुकवरून उघडलेल्या खात्यांची यादी असते. गूगलसाठी myaccount.google.com/connections इथे तशीच यादी मिळते. या यादीतून अ‍ॅप काढून टाकायचा मोह होईल, पण तो आत्ता आवरा. तिथून काढल्यानं डेटिंग अ‍ॅपवरचं खातं पुसलं जात नाही, उलट आत शिरायची तुमची वाटच बंद होऊ शकते. ते काम सगळ्यात शेवटी करायचं.

खातं जुन्या नंबरावर असेल आणि तो नंबर सुटला असेल, तर काम लांबवू नका. बंद झालेला मोबाइल नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्याला दिला जाऊ शकतो आणि मग तुमच्या खात्याचा ओटीपी त्या माणसाच्या हातात पडू शकतो. लॉगिनच्या पानावर Trouble signing in? किंवा तशाच अर्थाची ओळ असते, तिथून नोंदवलेल्या ईमेलवर लिंक मागवता येते. तेही जमलं नाही तर त्याच ईमेलवरून कंपनीला लिहा. भारतातल्या २०२१ च्या आयटी नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क अ‍ॅपवर किंवा वेबसाइटवर देणं बंधनकारक आहे. पत्रात जुना नंबर, खातं उघडल्याचा अंदाजे महिना, प्रोफाइलवरचं नाव आणि वय, एखाद-दुसऱ्या फोटोचं वर्णन द्या आणि खातं व सर्व माहिती पुसण्याची स्पष्ट मागणी करा. ओळखपत्र मागितलंच तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात.

आत शिरलात, की लगेच डिलीट दाबू नका. आधी पैशांचं बघा. पेड प्लॅन घेतला असेल तर खातं बंद केल्यावरही पैसे कापले जात राहू शकतात, कारण ते सबस्क्रिप्शन गूगल प्लेवर किंवा अ‍ॅपलच्या खात्यावर चालू असतं. तिथल्या Subscriptions मध्ये जाऊन ते रद्द करा. यूपीआयवर ऑटोपे लावलेला असेल तर तोही बंद करा.

मग चॅट. ज्यांच्याकडे तुमचं बोलणं राहू नये असं वाटतं, त्यांना आधी अनमॅच करा. टिंडरवर अनमॅच केलं की चॅट दोघांच्याही यादीतून जातं. एक अपवाद मात्र नीट लक्षात ठेवा: कोणी त्रास दिला असेल, धमकावलं असेल किंवा फोटोवरून पैसे मागितले असतील, तर अनमॅच करण्याआधी त्या चॅटचे आणि प्रोफाइलचे स्क्रीनशॉट काढा आणि अ‍ॅपमधूनच रिपोर्ट करा. एकदा चॅट गेलं की पुरावाही गेला. अशा वेळी cybercrime.gov.in वर किंवा पुणे शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यात तक्रार करता येते.

स्वतःची प्रत हवी असेल तर तीही आत्ताच मागवा. टिंडरसाठी account.gotinder.com/data हे पान आहे. मिळणाऱ्या फाइलमध्ये तुमचे फोटो आणि तुम्ही पाठवलेले मेसेज असतात, समोरच्याचे नसतात. फाइल तयार व्हायला वेळ लागतो, ती हातात आल्यावरच पुढे जा.

आता डिलीट. टिंडर आणि बंबलमध्ये प्रोफाइलवरून Settings मध्ये जाऊन अगदी खाली Delete Account आहे. हिंजमध्ये पॉज आणि डिलीट हे दोन्ही पर्याय सेटिंगमध्ये एकत्रच असतात. जवळपास सगळी अ‍ॅप्स या टप्प्यावर थांबायचा आग्रह करतात: खातं लपवा, पॉज करा, थोडी सुट्टी घ्या. यातलं काहीही निवडलं तर प्रोफाइल नव्या लोकांना दिसणं थांबतं, पण फोटो आणि मॅचेस तशाच राहतात. डिलीटचाच पर्याय निवडा. खातं बंद झाल्याचा संदेश दिसला की त्याचा स्क्रीनशॉट घ्या, ईमेल आला तर तोही जपून ठेवा.

त्यानंतर फेसबुक आणि गूगलच्या यादीतून ते अ‍ॅप काढा. जुना फोन घरात कोणाला दिला असेल किंवा विकायचा असेल, तर तो फॅक्टरी रीसेट करा.

सगळं खरंच गेलं का, हे तपासताना पुन्हा लॉगिन करून बघण्याचा मोह आवरा. काही अ‍ॅप्स ठरावीक मुदतीत लॉगिन झालं तर खातं पुन्हा जिवंत करतात, इतरांमध्ये नवं खातं उघडलं जाऊ शकतं. त्यापेक्षा तुमच्याशी मॅच असलेल्या विश्वासू माणसाला त्याच्या यादीत बघायला सांगा. अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडल्यावरही तुमचं नाव दिसत असेल, तर एक-दोन दिवस थांबा. तरीही दिसलं, तर बहुधा खातं दुसरंच बंद झालंय. पुन्हा ईमेलच्या शोधापासून सुरुवात करा.

लोकांच्या नजरेआड जाणं आणि कंपनीच्या साठ्यातून जाणं, यात मात्र काही काळाचं अंतर असतं. टिंडरच्या गोपनीयता धोरणानुसार खातं बंद झाल्यावर सुरक्षेच्या चौकशीसाठी माहिती ३ महिने राखून ठेवली जाते. पैशांच्या व्यवहारांच्या नोंदी त्याहून बऱ्याच जास्त काळ राहतात. आणि समोरच्यानं आधीच काढलेला स्क्रीनशॉट किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेला फोटो खातं पुसल्यानं जात नाही. तो खाजगी स्वरूपाचा असेल आणि पसरण्याची भीती असेल, तर stopncii.org वर त्या फोटोची डिजिटल खूण नोंदवता येते. मूळ फोटो तुमच्या फोनबाहेर जात नाही आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून तो आपापल्या ठिकाणी अडवू शकतात.