थकलेलं बिल आणि मध्येच अपग्रेड: बिलिंग सुरू करण्याआधीची तयारी

मासिक प्लॅन सुरू करण्याआधी प्रत्येक ग्राहकाचा मूळ बिलिंग दिवस वेगळ्या रकान्यात साठवताय ना, ते बघून घ्या. 31 जानेवारीला आलेल्याचं पुढचं बिल 28 फेब्रुवारीला निघतं; त्यापुढची तारीख 28 वरून मोजली तर तो कायमचा 28 वर अडकतो. मूळ 31 वरून मोजली, की मार्चमध्ये आपोआप जागेवर येतो.

मग प्रोरेशनचं गणित एकदा हाताने करून कोडच्या उत्तराशी ताडून पाहा. 30 दिवसांच्या महिन्यात 300 च्या प्लॅनवरचा ग्राहक 10 दिवस उलटल्यावर 900 च्या प्लॅनवर गेला, तर जुन्या प्लॅनच्या उरलेल्या 20 दिवसांचे 200 त्याला जमा आणि नव्याचे 600 नावे, म्हणजे आज 400 घ्यायचे. जमा आणि नावे या दोन ओळी बिलावर वेगळ्या दिसू द्या. नुसता 400 चा आकडा पाहून ग्राहक विचारतो, हे आले कुठून?

नूतनीकरण फसलं तर पुन्हा प्रयत्न कधी करायचा, हे नकाराच्या कारणावरून ठरवा. खात्यात पैसे नसतील तर काही दिवसांनी तेच कार्ड चालू शकतं. कार्ड चोरीला गेल्याचं बँक सांगत असेल तर पुन्हा प्रयत्न करू नका, सरळ नवं कार्ड मागा. टाइमआउट म्हणजे नकार नव्हे. पैसे कापलेही गेले असतील. तिथे आधीचीच इडम्पोटन्सी की, म्हणजे ही तीच जुनी मागणी आहे हे ओळखू देणारी खूण, वापरून विचारा, नाहीतर एकाच महिन्याचे पैसे दोनदा जातील.

आता खरी मेख. हे दोन्ही भाग वेगवेगळे तपासले तर बिनचूक चालतात, म्हणून एकत्रही तपासा. वरच्याच ग्राहकाचं 300 चं नूतनीकरण फसलंय, रिट्राय चालू आहेत, आणि दहा दिवसांनी तो नव्या कार्डाने अपग्रेड करतो. सिस्टिम न भरलेल्या महिन्याचेही 200 जमा धरते आणि 400 घेते. पुढे जुन्या कार्डावरचे रिट्राय संपतात आणि 300 चं बिल बुडीत जातं. जुन्या प्लॅनच्या 10 दिवसांचे 100 आणि नव्याचे 600 मिळून 700 यायला हवे होते, आले 400. रिपोर्टमध्ये मात्र अपग्रेड यशस्वी! थकीत बिलांच्या यादीत त्याच मुदतीचा 'जमा' शोधला तरच हे सापडतं.

यावर उपाय दोन. थकलेलं बिल भरल्याशिवाय अपग्रेड होऊ द्यायचं नाही, किंवा ते बिल रद्द करून 700 चं एकच नवं काढायचं. मी पहिला निवडेन, कारण दुसऱ्यात जुनं बिल रद्द करताना रांगेतला रिट्राय थांबवायचा राहतो, आणि तो नेमका यशस्वी होतो.