‘धैर्यता’ लिहू नये म्हणून: एका शब्दाचं कुटुंब कसं जमवावं

शब्दसिद्धीच्या सरावात मुलांना प्रत्ययांची लांबलचक यादी पाठ करायला लावतात. त्याने काही साधत नाही. एक शब्द घ्या, वहीत नाम, विशेषण, क्रियाविशेषण असे तीन रकाने आखा आणि भरायला बसा. आज ‘धीर’ घेऊ.

आधी उपसर्ग उरका: अ + धीर = अधीर. रकाना विशेषणाचा.

खरी गोची विशेषणाचं नाम करताना होते. धीर + य = धैर्य. इथे य लागताना पहिल्या अक्षराचा स्वर चढतो: ‘ई’चा ‘ऐ’ होतो, तसाच सुंदर–सौंदर्यमध्ये ‘उ’चा ‘औ’ आणि मधुर–माधुर्यमध्ये ‘अ’चा ‘आ’. अधीरला मात्र ता लागतो, अधीरता, आणि पहिलं अक्षर जागचं हलत नाही. घोळ होतो तो दोन्ही प्रत्यय एकाच शब्दावर चढवल्याने: धैर्यता, सौंदर्यता, ऐक्यता, सौजन्यता. शिकवायला लागलो त्या वर्षी मी स्वतः फळ्यावर ठसठशीत ‘सौंदर्यता’ लिहिलं होतं. वर्गातलं कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांच्या वहीत तेच होतं!

यावर हमखास सांगितला जाणारा उपाय म्हणजे ‘शेवटी य दिसला की ता लावू नका’. हा सल्ला मुलांना आणखी खड्ड्यात घालतो. मग ती योग्यता, सभ्यता, मान्यता हे बरोबर शब्दही खोडतात. य दिसतो का, हे बघायचंच नाही. शब्दापुढे ‘माणूस’ ठेवून म्हणून बघा. ‘योग्य माणूस’ जमतं, म्हणजे ते अजून विशेषण आहे. ता लावायला जागा आहे. ‘धैर्य माणूस’ कानाला खटकतं, म्हणजे नाम आधीच झालंय; आता ता लावणं म्हणजे टोपीवर टोपी. उलट दिशेने, नामाचं विशेषण करायचं असेल तर वान किंवा शील लावा: धैर्यवान, धैर्यशील. ‘माणूस’ लगेच बसतो.

हीच कसोटी क्रियाविशेषणाला पुरते. पणे विशेषणाला लागतं: अधीरपणे. नामाला ने: धैर्याने, अधीरतेने. ‘धैर्यपणे’ नको. ‘धीर’ हा शब्द मराठीत नाम म्हणूनही चालतो (धीर सुटला, धीर दिला), म्हणून ‘धीराने’ही बरोबर.

रकाने भरले की प्रत्येक शब्द एकेका वाक्यात घालायला सांगा. ‘ती अधीरपणे दाराकडे बघत होती’ असं वाक्य आलं तर ठीक. ‘तिची अधीरपणे वाढली’ आलं तर रकाना चुकलाय.

आणि ‘धीट’ला या कुटुंबात घेऊ नका. दिसायला सख्खा वाटतो, पण तो ‘धृष्ट’वरून आलाय.