कुवाहारा फिल्टर समजून घ्यायचाय? आधी एक कड आणि एक रेघ हाताने सोडवा

फोटोला पेंटिंगसारखं रूप देणारा कुवाहारा फिल्टर मुळात त्यासाठी नव्हताच, १९७६ मध्ये रेडिओआयसोटोप वापरून घेतलेल्या हृदयाच्या इमेजेसमधला नॉइज घालवायला तो आला. फोटोवर चालवला की रंगांचे सपाट पट्टे दिसतात, पण का दिसतात हे कोड कॉपी करून कळत नाही. मी नवीन मुलांना आधी कागदावरच करायला लावते.

त्रिज्या २ धरा, म्हणजे पिक्सेलभोवती ५×५ची खिडकी. तिचे चार ३×३ तुकडे, एकमेकांवर थोडे चढलेले, आणि आपला पिक्सेल प्रत्येकाच्या एका कोपऱ्यात. प्रत्येक तुकड्याची सरासरी आणि व्हेरियन्स, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप, काढायचा, ज्याचा व्हेरियन्स सगळ्यात कमी त्याची सरासरी उचलायची, बस.

आता डावीकडे सगळ्या पिक्सेलचा ब्राइटनेस ५०, उजवीकडे सगळ्यांचा २००, आणि आपण कडेला लागून ५० वर उभे आहोत. डाव्या तुकड्यांचा व्हेरियन्स शून्य, उजव्यांचा ५०००, म्हणून उत्तर ५०. साध्या ५×५ ब्लरने ११० आलं असतं. म्हणजे कड शाबूत राहते आणि आतलं टेक्श्चर पुसलं जातं, ब्रशने रंग भरल्यासारखं दिसतं ते यामुळेच.

रंगीत फोटोत तुकडा ब्राइटनेसवरून निवडा आणि त्याच तुकड्याची तिन्ही चॅनेल्सची सरासरी घ्या, वेगवेगळं केलंत तर कडांवर भलतेच रंग येतात.

मग गंमत करा, २०० च्या पार्श्वभूमीवर एक पिक्सेल जाडीची ५० ची उभी रेघ घ्या. रेघेवरच्या पिक्सेलला चारही तुकड्यांत रेघ येतेच, सगळीकडे सरासरी १५० आणि व्हेरियन्स ५०००, निवडायला काही उरतच नाही. रेघ फिकी होऊन १५० वर येते, परत चालवलं की साधारण १८३, म्हणून केस, तारा, छोटी अक्षरं आधी जातात.

दुसरी अडचण आकाशात किंवा आउट ऑफ फोकस भागात. हळूहळू बदलणाऱ्या शेडमध्ये चारही व्हेरियन्स जवळपास सारखे, त्यामुळे कुठला तुकडा जिंकणार हे नॉइज ठरवतो, शेजारचे पिक्सेल वेगवेगळ्या दिशेने उचलतात आणि चौकोनी ठिगळं दिसायला लागतात. झूम करून बघितलं की ती आडव्या-उभ्या रेषांतच असतात, पेंटिंगमध्ये असं कधी नसतं, ओळखायची खूण हीच. त्रिज्या वाढवली तर ठिगळं आणखी मोठी होतात.

यावर चांगला उपाय म्हणजे अनिसोट्रॉपिक प्रकार, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या ४.० आवृत्तीपासून त्याच्या कंपोझिटरमध्ये, म्हणजे इमेजवर इफेक्ट लावायच्या भागात, तो तयार मिळतो. त्यात चौकोनांऐवजी मऊ कडांचे सेक्टर असतात, ते स्थानिक दिशेप्रमाणे लांबट होतात, आणि एकच विजेता न निवडता कमी व्हेरियन्सवाल्यांना जास्त वजन मिळतं. ठिगळं जातात, केसांचा प्रवाहही बराच टिकतो, पण डोळ्यातला चमकीचा छोटा ठिपका त्यातही विझतो, कारण ठिपक्याला दिशाच नसते. पोर्ट्रेट असेल तर मी डोळ्यांवर मास्क लावून तिथे त्रिज्या कमी ठेवते.