ब्रँडच्या नावाची बनावट खाती: ठरलेल्या वेळी शोधा, तयारीने रिपोर्ट करा

१० नोव्हेंबर २०२२ रोजी ट्विटरवर `@EliLillyandCo` या हँडलवरून घोषणा झाली, की इन्सुलिन आता मोफत मिळेल. नावापुढे निळी खूण होती, कारण त्याच आठवड्यात ती खूण महिना सुमारे ८ डॉलर भरणाऱ्याला मिळू लागली होती. औषध कंपनी इलाय लिलीचं खरं हँडल होतं `@LillyPad`. म्हणजे बनावट हँडल खऱ्यापेक्षा जास्त अधिकृत दिसत होतं! कंपनीला जाहीर खुलासा करून माफी मागावी लागली.

आपलं हँडल जसंच्या तसं सर्चमध्ये टाकून असली खाती सापडत नाहीत. नक्कल करणारा आपलं हँडल घेऊच शकत नाही, ते आपल्याकडे असतं. गोंधळलेला ग्राहक जे नाव टाइप करेल असं त्याला वाटतं, ते तो घेतो. शोधायचं ते नाव.

आधी नावांची यादी

उदाहरणापुरतं एक नाव बनवून घेऊ: `solmira`. याची नक्कल मुख्यतः तीन तऱ्हांनी होते.

पहिली तऱ्हा अक्षरांच्या अदलाबदलीची. `m` च्या जागी `rn` टाकून `solrnira`, किंवा `l` च्या जागी आकडा टाकून `so1mira`. इथे प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे आहेत. इन्स्टाग्रामवर हँडल नेहमी लहान अक्षरांतच दिसतं, त्यामुळे `l` ऐवजी मोठा `I` वापरायची युक्ती तिथे चालत नाही. एक्सवर मात्र अक्षरं जशी लिहिली तशीच दिसतात, आणि `soImira` वाचताना पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. उलट इन्स्टाग्रामवर टिंब चालतं, म्हणून `sol.mira` तिथे तयार होतं. एक्सवर टिंब चालत नाही आणि हँडल १५ अक्षरांच्या पुढे जात नाही.

दुसरी तऱ्हा शेपटाची: `solmira_care`, `solmira_help`, `solmira_refund`, `solmira_giveaway`. माझ्या मते खरं नुकसान यातूनच जास्त होतं. अक्षरांची कलाकुसर निदान डोळ्यांना फसवते; शेपूटवालं खातं ग्राहकाच्या गरजेला फसवतं. ज्याचे पैसे अडकलेत, तो `refund` हा शब्द दिसला की पुढचं काही तपासत नाही.

तिसऱ्या तऱ्हेत हँडल काहीतरी भलतंच असतं, पण वर दिसणारं नाव, म्हणजे डिस्प्ले नेम, आपलं असतं. हँडलवर आधारलेला शोध इथे पुरा आंधळा ठरतो. म्हणून यादीत ब्रँडचं नाव सुट्या शब्दांत, 'केअर' किंवा 'सपोर्ट' जोडून आणि देवनागरीतही लिहून ठेवा. एकूण वीसेक नावं पुरतात. शंभर नावांची यादी पहिल्या आठवड्यानंतर कुणी उघडत नाही.

मग वेळापत्रक

काही शोध आपोआप चालू ठेवता येतात. गूगल अलर्टमध्ये खालच्या ओळी एकेक करून टाका आणि वारंवारता `At most once a day` ठेवा.

```
site:instagram.com "solmira"
site:facebook.com "solmira" (care OR support OR refund)
site:t.me "solmira"
```

याच्यावर विसंबून मात्र राहू नका. ॲपमधलं बरंचसं गूगलपर्यंत पोहोचतच नाही, आणि पोहोचलं तरी उशिरा. अलर्ट हे पहारेकऱ्याच्या शिट्टीसारखं धरा, गस्त आपल्यालाच घालायची आहे. आठवड्यातले दोन वार ठरवा, कॅलेंडरवर परत परत येणारी नोंद टाका, एका माणसाचं नाव तिथे लिहा, आणि यादीतली नावं प्रत्येक ॲपच्या सर्चमध्ये हाताने शोधा. फक्त वरचे दोन-तीन निकाल पाहून थांबू नका. नवं खातं खाली दडलेलं असतं.

ही गस्त ब्रँडच्या अधिकृत खात्यातून घालू नका. नक्कल करणारे पहिलं काम बहुधा हेच करतात, की खऱ्या खात्याला ब्लॉक करतात. मग अधिकृत खात्यातून शोधलं तर सगळं आलबेल दिसतं आणि ग्राहक मात्र तक्रारी करत राहतात. ब्रँडशी काही संबंध नसलेलं एक साधं वेगळं खातं वापरा.

एक्सवर आणखी एक शोध लावायचा, आणि तो नावाचा नसून आमिषाचा आहे.

```
@solmira (DM OR डीएम OR inbox OR refund) -from:solmira
```

ग्राहक आपल्याला उद्देशून तक्रार लिहितो. बनावट 'सपोर्ट' खातं त्या तक्रारीखाली उत्तर टाकतं, 'आम्हाला डीएम करा'. त्या उत्तरात आपलं हँडल आपोआप राहतं, म्हणून ते या शोधात सापडतं, मग उत्तर देणाऱ्याचं स्वतःचं नाव काहीही असो. सेल, नवं उत्पादन किंवा सेवा बंद पडण्याच्या दिवशी तक्रारी वाढतात आणि ही खातीही तिथेच गोळा होतात. त्या दिवशी हा शोध दर दोन तासांनी चालवा. एरवी ठरलेल्या वारी पुरे.

जमलं तर मेटाची ॲड लायब्ररीही बघा. फेसबुक-इन्स्टाग्रामवर सध्या चालू असलेल्या जाहिराती तिथे कुणालाही शोधता येतात. ज्या बनावट पानाला फॉलोअरच नाहीत ते पैसे देऊन जाहिरात चालवत असेल, तर ते इथे दिसतं.

सापडलं, पण नक्कल आहे का?

नाव जुळलं म्हणजे खातं बनावट झालं असं नाही. चाहत्यांचं पान असेल, विडंबन असेल, आपला माल रीतसर विकणारा दुकानदार असेल, किंवा वेगळ्याच धंद्यातला त्याच नावाचा माणूस असेल. अशांवर रिपोर्ट ठोकत सुटलं की खऱ्या तक्रारींचं वजन कमी होतं. मी एकच प्रश्न विचारते: हे खातं 'आम्ही म्हणजेच तो ब्रँड' असं भासवून लोकांकडून काही मागतंय का?

एक नमुना घेऊ. गुरुवारच्या शोधात इन्स्टाग्रामवर `solmira_care` दिसलं. लोगो आपलाच, पण कडा कापलेल्या आणि किंचित धूसर, म्हणजे स्क्रीनशॉटवरून घेतलेला. नऊ पोस्ट, सगळ्या एकाच दिवशी टाकलेल्या, फोटो आपल्या पानावरचे. फॉलो केलेले लोक पाहिले तर आपल्या अलीकडच्या पोस्टखाली तक्रार करणारेच निघाले. बायोमध्ये टेलिग्रामची लिंक. प्रोफाइलवरच्या तीन टिंबांतून `About this account` उघडलं तर खातं कधी सुरू झालं ते कळतं, आणि बऱ्याचदा पूर्वी नाव किती वेळा बदललं तेही. इथे ते तीनदा बदललेलं. फेसबुक पानाला हीच माहिती `Page transparency` मध्ये असते. मांजरांच्या व्हिडिओचं जुनं पान विकत घेऊन त्याला ब्रँडचं नाव दिलेलं तिथेच उघडं पडतं.

यातली एकेक खूण सुटी घेतली तर निरुपद्रवी आहे. तक्रारदारांना वेचून फॉलो करणं आणि संभाषण बाहेर नेणारी लिंक, या दोन एकत्र आल्या की मी थांबत नाही.

रिपोर्टच्या आधीची चेकलिस्ट

रिपोर्टचं बटण शेवटी दाबायचं. खातं बंद झालं किंवा नाव बदललं की पुरावाही जातो.

- प्रोफाइलची पूर्ण लिंक, कॉपी करून. स्क्रीनशॉटमधल्या हँडलवरून हाताने टाइप करू नका. `rn` आणि `m` ची गडबड तुमचीही होईल.
- प्रोफाइल, बायो, पोस्ट आणि `About this account` यांचे स्क्रीनशॉट, तारीख-वेळेसह.
- मिळत असेल तर खात्याचा अंकी आयडी. हँडल बदलतं, आयडी बदलत नाही. यूट्यूबवर हेच काम `UC` ने सुरू होणारा चॅनल आयडी करतो.
- आपल्या मूळ पोस्टची लिंक आणि चोरलेल्या पोस्टची लिंक, जोडीने.
- फसलेल्या ग्राहकाने दिलेला चॅटचा स्क्रीनशॉट, त्याच्या परवानगीने.
- ट्रेडमार्क असेल तर नोंदणी क्रमांक, देश आणि वर्ग.
- ब्रँडच्या डोमेनवरचा ईमेल. फुकटच्या मेलवरून आलेल्या अर्जावर 'तुम्ही प्रतिनिधी कशावरून?' असा प्रश्न हमखास येतो.

त्या खात्याला जाब विचारणारा मेसेज पाठवू नका. तो वाचून समोरचा फक्त नाव बदलतो.

कोणता फॉर्म?

बहुतेक रिपोर्ट इथेच वाया जातात. ॲपमधून 'स्पॅम' निवडून केलेल्या रिपोर्टमध्ये पुरावा जोडायला जागाच नसते. शंभर फॉलोअरना 'सगळे रिपोर्ट करा' सांगण्यातही अर्थ नाही. किती जणांनी रिपोर्ट केलं यावर खातं हटवण्याचा निर्णय होत नाही.

खातं आपणच ब्रँड असल्याचं सांगत असेल तर मदत केंद्रातला तोतयेगिरीचा फॉर्म भरा. तो ब्रँडच्या अधिकृत प्रतिनिधीनेच भरायचा असतो. नोंदणीकृत ट्रेडमार्क असेल तर ट्रेडमार्कचा फॉर्म जास्त भक्कम, पण तो नोंदणीच्या देशापुरता आणि वर्गापुरताच चालतो.

ट्रेडमार्क नसलेल्या छोट्या ब्रँडना तिसरी वाट आहे आणि ती फारशी कुणी वापरत नाही. चोरलेले फोटो आपणच काढलेले असतील तर कॉपीराइटचा फॉर्म भरता येतो, त्याला नोंदणी लागत नाही. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. या फॉर्मवरचं नाव आणि ईमेल समोरच्याला कळवलं जाऊ शकतं, म्हणून कामाचाच पत्ता द्या, घरचा नको. आणि छायाचित्रकाराकडून घेतलेल्या फोटोंचे हक्क लेखी आपल्याकडे नसतील तर हा दावा करू नका. खोट्या दाव्याची कायदेशीर जबाबदारी आपल्यावर येते.

वर्णन चार ओळींत संपवा. `solmira_care` साठी मी असं लिहीन: 'हे खातं आमचा ग्राहक कक्ष असल्याचं भासवतं. लोगो आणि नऊ फोटो आमच्या खात्यावरून घेतले आहेत, लिंक सोबत. बायोतल्या टेलिग्राम लिंकवर ग्राहकांकडून पैसे मागितले जातात, स्क्रीनशॉट सोबत. आमचं एकमेव अधिकृत खातं हे आहे.' तपासणारा माणूस हे काही सेकंदांत पडताळू शकतो. संताप आणि बदनामीचे परिच्छेद त्याच्या काही कामाचे नसतात.

टेलिग्रामचं खातं वेगळं रिपोर्ट करा, नाहीतर पैसे घेणारा हात तसाच राहतो आणि तो नवं इन्स्टाग्राम खातं उघडतो.

रिपोर्टनंतर

'नियमभंग आढळला नाही' असं उत्तर आलं तर तोच मजकूर पुन्हा पाठवू नका. फेरतपासणी मागा किंवा दुसऱ्या आधाराचा फॉर्म भरा: तोतयेगिरी नाकारली तर कॉपीराइट. दरम्यान आपल्या पानावर अधिकृत हँडलची यादी पिन करा. बनावट हँडलचं नाव त्यात टॅग करू नका, नाहीतर आपणच लोकांना तिथे पोहोचवू.

नोंदवहीत खात्याची लिंक, आयडी, रिपोर्टची तारीख, फॉर्मचा प्रकार, तक्रार क्रमांक आणि निकाल असे रकाने ठेवा. खातं गेलं तरी पुढच्या दोन-तीन गस्तींत तेच शेपूट थोडं बदलून शोधा: `solmira_care` नंतर बहुधा `solmira.care` किंवा `solmira_care1` येतं. ते दिसलं की नव्या अर्जात आधीचा तक्रार क्रमांक लिहा आणि ते नाव यादीत टाका.